लांब रजेवर जाताना बाहेरच्यांसाठी ठेवायचा निरोप



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही. पण पत्रलेखन शिकवताना आपण मुलांना ज्या चुका लाल पेनाने दाखवतो, त्याच मी स्वतः केल्या होत्या, म्हणून लिहिते आहे.

माझी शाळा राहाता तालुक्यातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, 48 मुले, दोन शिक्षक. दीडशेच्या आत पट असला की मुख्याध्यापकाचे वेगळे पद मिळत नाही, म्हणून ज्येष्ठ शिक्षकाकडेच प्रभार असतो. आमच्याकडे तो माझ्याकडे होता. 1 ऑगस्टपासून मी प्रसूती रजेवर जाणार होते. रजा मंजूर झाली, चार्ज सरांना दिला, आणि 31 जुलैला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एक निरोप टाकून मोकळी झाले. तो निरोप असा होता:

«नमस्कार. मी दि. 1 ऑगस्टपासून वैद्यकीय कारणास्तव दीर्घ रजेवर जात आहे. या कालावधीत शालेय कामकाजासाठी कृपया शाळेशी संपर्क साधावा. आपले सहकार्य असेच राहो ही विनंती.»

वाचायला किती नीटनेटका वाटतो, नाही का? मलाही वाटला होता.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी एक वाजता माझा फोन वाजला. बाळ नुकतेच झोपले होते. पलीकडून आवाज आला, "मॅडम, तांदळाची गाडी घेऊन आलोय. शाळेला कुलूप आहे. कोणाला द्यायचं?" शनिवारची सकाळची शाळा. अकरालाच सुटलेली. सर दुसऱ्या गावात राहतात, आणि त्यांचा नंबर ड्रायव्हरकडे नव्हता. मी नंबर सांगेपर्यंत त्याच्या फोनची रेंज गेली. त्याला पुढच्या चार शाळा करायच्या होत्या. त्याने पोती शेजारच्या देवळाच्या ओट्यावर उतरवली आणि तो गेला. आपल्याकडे पाऊस जून-जुलैत हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात गाठतो, हे राहात्याच्या माणसाला सांगायला नको. रात्री पाऊस आला. सकाळी दोन पोती खालून भिजलेली होती.

दोन पोती म्हणजे 100 किलो. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात रोजचा 100 ग्रॅम तांदूळ धरतात. 48 मुलांना दिवसाला 4.8 किलो लागतो. म्हणजे भिजलेला माल जवळजवळ 21 दिवसांच्या जेवणाचा होता. नशिबाने गावातल्या दोन बायकांनी तो लगेच पसरून वाळवला आणि बराचसा वाचला. पण नोंदवहीत काय लिहायचे, पोहोच पावतीवर सही कोणी करायची, घट कोणाच्या नावावर टाकायची, यात सरांचे आठ दिवस गेले. त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही. म्हणून मीच तो जुना निरोप पुन्हा काढून वाचला.

आता तुम्हीही तो पुन्हा वाचा, पण ड्रायव्हरच्या नजरेने. "शाळेशी संपर्क साधावा." शाळा म्हणजे कोण? मोठ्या शाळेत ऑफिस असते, क्लार्क असतो, शिपाई असतो, टेबलावर फोन असतो. आपल्या द्विशिक्षकी शाळेला यातले काहीच नाही. शाळेचा फोन म्हणजे मुख्याध्यापकाच्या पर्समधला मोबाईल. लोकांच्या फोनमध्ये माझा नंबर "जि.प. शाळा" या नावानेच सेव्ह आहे. म्हणजे "शाळेशी संपर्क साधा" असे सांगून मी त्या माणसाला परत माझ्याकडेच पाठवले होते! त्याने अगदी सांगितल्याप्रमाणे केले. चूक माझी होती.

आपण शिक्षक चार्ज देण्याच्या कागदात पक्के असतो. रजेचा अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, प्रभार यादी होते, जनरल रजिस्टर, कॅशबुक, तांदळाचा साठा, शिक्के, किल्ल्या, सगळे मोजून दोघांच्या सह्या होतात. माझ्याही यादीत "तांदूळ शिल्लक 96 किलो" असे व्यवस्थित लिहिलेले होते. 96 भागिले 4.8, म्हणजे 20 दिवसांचा साठा. ऑगस्ट संपेपर्यंत नवा माल यावाच लागणार, हे त्या आकड्यातच लिहिलेले होते. पण ते सरांना आणि मला माहीत होते, गाडीवाल्याला नाही. प्रभार यादी आतल्या दोघांमधली असते. बाहेरच्यांचा निरोप हा वेगळा कागद आहे, आणि तो लिहायला आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

मग मी घरूनच तो निरोप पुन्हा लिहायला घेतला. जे आधी करायला हवे होते ते कसे केले, त्याच क्रमाने सांगते.

पहिला प्रश्न असा की बाहेरचे म्हणजे नक्की कोण? मी डोक्याने यादी केली तेव्हा सहा नावे आठवली: केंद्रप्रमुख, समितीचे अध्यक्ष, गॅस, तांदूळ, बँक, पालक. मग मोबाईलमधला मागच्या दोन महिन्यांचा कॉल लॉग उघडला आणि घरातले नंबर वगळले. त्यात अशी माणसे निघाली जी मला आठवलीच नव्हती. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मुलांच्या तपासणीचे पथक कधी येणार हे विचारणाऱ्या ताई. शेजारच्या अंगणवाडीच्या सेविका. आणि सगळ्यात जास्त फोन कोणाचे असावेत? जुन्या विद्यार्थ्यांचे! कोणाला दाखल्याची दुय्यम प्रत हवी, कोणाला जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या नावाचा जनरल रजिस्टरमधला उतारा हवा. हे लोक शाळेच्या कुठल्याच ग्रुपवर नसतात. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचणार नव्हता.

कॉल लॉग मागचे दाखवतो, पुढचे दाखवत नाही. त्यासाठी कॅलेंडर घेऊन बसावे लागते. माझी रजा 180 दिवसांची. 1 ऑगस्टपासून मोजा: ऑगस्टचे 31, सप्टेंबर धरून 61, ऑक्टोबर धरून 92, नोव्हेंबर धरून 122, डिसेंबर धरून 153, आणि जानेवारीचे 27. म्हणजे 27 जानेवारी शेवटचा दिवस, 28 ला हजर. या सहा महिन्यांत काय काय येते? यूडायस प्लसची माहिती 30 सप्टेंबर ही तारीख धरून भरायची असते, म्हणजे त्या आसपास तालुक्यातून फोन येणारच. मग पहिल्या सत्राचे मूल्यमापन, दिवाळीची सुट्टी. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे कारखान्यांचे गाळप सुरू होते. प्रवरानगर काय, गणेशनगर काय, ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन कोप्या पडतात, आणि एखाद्या सकाळी एखादी आई दोन लेकरे घेऊन शाळेच्या दारात उभी राहते. तिच्याकडे माझा नंबर नसतो, तिला माझी रजा माहीत नसते. तिला फक्त दार दिसते. म्हणून तिच्यासाठीचा निरोप दारावरच हवा.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर मला जास्त थांबायचे आहे. निरोपात एखाद्याचे नाव लिहिण्याआधी हे पाहावे लागते की ते काम करण्याचा अधिकार खरोखर त्याच्या हातात पोहोचला आहे का. सरांचे नाव लिहिणे सोपे होते. पण सरांकडे माणूस गेल्यावर सर काय करू शकत होते?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्याचे उदाहरण घ्या. खाते संयुक्त सहीचे, अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकाची. चार्ज दिल्याने बँकेतली सही आपोआप बदलत नाही. त्यासाठी समितीच्या सभेत ठराव, त्या ठरावाची प्रत, नव्या माणसाची केवायसीची कागदपत्रे आणि नमुना सही लागते. आम्ही ठराव केलाच नव्हता. त्यामुळे ऑगस्टात सरांनी भाजीपाला-इंधनाच्या बिलाचा चेक लिहिला, तेव्हा सहीसाठी तो माझ्या घरी आला. आता विचार करा, मी निरोपात "बिलासाठी सरांना भेटावे" असे लिहिले असते, तर दुकानदार सरांकडे गेला असता, सरांनी त्याला "मॅडमची सही बाकी आहे" म्हणून सांगितले असते, आणि तो पुन्हा माझ्याकडेच आला असता. निरोप चुकीचा नव्हता, पण खोटा ठरला असता.

दुसरे उदाहरण ओटीपीचे. हे तर प्रत्येक मुख्याध्यापकाने भोगलेले आहे. शाळेच्या पोर्टलचे लॉगिन माझ्या मोबाईलला जोडलेले. सर शाळेत संगणकासमोर बसून पासवर्ड टाकणार, ओटीपी माझ्या उशाशी वाजणार, मी बाळाला घेऊन बसलेली असणार, फोन बघेपर्यंत ओटीपीची मुदत संपणार. मग पुन्हा पहिल्यापासून. असे एकदा सलग चार वेळा झाले. नोंदवलेला मोबाईल नंबर बदलून घेणे हे रजेच्या आधीचे काम आहे. आपल्याला स्वतःला बदलता येत नसेल तर तालुक्याच्या पातळीवरून बदलून मिळतो, पण त्यासाठी अर्ज आणि दोन-चार दिवस लागतात. रजेच्या आदल्या रात्री आठवून उपयोग नाही. आणि यात एक धोकाही आहे. आपण रजेवर आहोत हे शंभर लोकांना कळवतो, तेव्हा ते एखाद्या भामट्यालाही कळू शकते. "मी ऑफिसातून बोलतोय, मॅडम रजेवर आहेत ना, तुम्ही ओटीपी सांगा" असा फोन सरांना यायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही आपसात ठरवून टाकले की आम्हा दोघांशिवाय तिसऱ्याला ओटीपी सांगायचाच नाही.

तिसरे साधेच, किल्ली. सरांकडे एक, आणि दुसरी? दुसरी माझ्या घरच्या खिळ्यावर लटकलेली होती! स्वयंपाक करणाऱ्या मावशी शाळेपासून पन्नास पावलांवर राहतात. किल्ली त्यांच्याकडे असती तर तांदूळ ओट्यावर गेलाच नसता.

म्हणून माझे सांगणे असे की निरोपातले प्रत्येक नाव लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा, हा माणूस या कामाची सही करू शकतो का, त्याच्याकडे लॉगिन आहे का, किल्ली आहे का? उत्तर "अजून नाही" असेल, तर निरोपात तसेच लिहा. "बिले 20 तारखेनंतर आणावीत" हे वाक्य दुकानदाराला आवडणार नाही, पण त्याचा हेलपाटा वाचेल.

आणि हो, त्या माणसाला विचारले आहे का? मी सरांचा नंबर वाटण्याआधी त्यांना विचारलेच नव्हते. दुसऱ्या वेळी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नंबर द्या, पण चारही वर्ग माझ्याकडे आहेत. फळ्यावर असताना फोन वाजला तर मी उचलणार नाही." अगदी रास्त. केंद्रप्रमुखांनी कामगिरीवर एक शिक्षिका नंतर दिल्या, पण तोवर सर एकटे होते. म्हणून आम्ही वेळ ठरवली: सकाळी 10 ते 10:30 आणि दुपारी 4:30 नंतर. शिवाय सगळीच माणसे सरांकडे पाठवायची नाहीत, हेही ठरले. माल उतरवून घ्यायला मावशी आणि समितीचे अध्यक्ष पुरेसे होते. पोती मोजणे, एक-दोन काट्यावर घालून बघणे, आणि पावतीची एक प्रत ठेवून घेणे, एवढेच तर करायचे असते. सही-शिक्का मात्र सरांचाच, म्हणून माल शाळेच्या वेळेतच आणावा असेही लिहिले. आरोग्य तपासणीचा दिवस ठरवायला अंगणवाडीच्या ताई तयार झाल्या, कारण पथक त्यांच्याकडेही येतेच.

आता नवा निरोप बघा. मी एकच न लिहिता तीन लिहिले, कारण गाडीवाल्याला पालकांची माहिती वाचायला लावण्यात अर्थ नव्हता. माल आणणाऱ्यांसाठीचा असा:

«जि. प. प्राथमिक शाळा (गावाचे नाव). तांदूळ, किराणा व गॅस आणणाऱ्यांसाठी.
27 जानेवारीपर्यंत मी शाळेत नाही. माल आणण्याच्या आदल्या दिवशी (सरांचे नाव) सर यांना फोन करावा: (नंबर). वेळ सकाळी 10 ते 10:30 किंवा दुपारी 4:30 नंतर.
सरांचा फोन न लागल्यास समितीचे अध्यक्ष (नाव, नंबर).
माल सोमवार ते शुक्रवार 10:30 ते 4:30, शनिवारी 11 च्या आत आणावा. शाळेला कुलूप असेल तर माल बाहेर उतरवू नये, शेजारी मावशींकडे किल्ली आहे. पावतीवर सही सर करतील.»

यात "कृपया" एकदाही नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. मला स्वतःला ते जरा रुक्ष वाटले होते. पण ड्रायव्हर हा निरोप स्टिअरिंगवर हात ठेवून वाचतो. त्याला पहिल्या ओळीत कळले पाहिजे की हा आपल्यासाठी आहे. रजेचे कारणही काढून टाकले. "वैद्यकीय कारणास्तव" हे शब्द वाचून पहिल्या वेळी निम्म्या लोकांनी फोन करून "मॅडम, काय झालं?" विचारले होते. प्रेमापोटीच, पण निरोपाचा हेतू फोन कमी व्हावेत हा होता. कारण सांगायचे त्या जवळच्यांना वेगळे सांगता येते.

पालकांसाठीचा निरोप बोलीत लिहिला, कारण तो मोठ्याने वाचला जातो. बऱ्याच घरांत फोन मुलाच्या हातात असतो आणि तोच आजीला वाचून दाखवतो.

«पालकांनो, नमस्कार. मी 27 जानेवारीपर्यंत रजेवर आहे, 28 ला शाळेत येते. तोवर मुलाची सुट्टी, आजारपण, अभ्यास काहीही असेल तर सरांना सांगा: (नंबर), सकाळी 10 ते 10:30 किंवा साडेचारनंतर. दाखला किंवा बोनाफाईड हवे असेल तर सकाळी शाळेत अर्ज द्या, सर सही करतात. शाळेच्या वेळेत मुलाला लागलं, ताप आला, तर शाळेतून तुम्हालाच फोन येईल. तुमचा नंबर बदलला असेल तर तो सरांना आजच द्या. मला मेसेज टाकला तर उत्तर उशिरा मिळेल, म्हणून शाळेच्या कामाचं मला टाकू नका.»

शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळला. पालकांना असे कसे सांगायचे? पण ते न लिहिल्याचा परिणाम मी अनुभवला होता. एका आईने मला "उद्या पोरगी येणार नाही, मामाकडे चाललो" असा मेसेज टाकला, मी तो तीन दिवसांनी पाहिला, आणि इकडे सर दोन दिवस त्या घराच्या बंद दाराशी चकरा मारत होते. दोघांचीही चूक नाही. मी माझा रस्ता उघडा ठेवला होता, म्हणून ती त्याच रस्त्याने आली. निरोपात दोन नंबर दिले की लोक ओळखीचाच लावतात. म्हणून ज्याच्याकडे जायचे त्याचाच नंबर द्या, स्वतःचा देऊ नका.

"अत्यंत तातडीचे असल्यास मला फोन करावा" हे वाक्यही मी खोडले. तातडी कशाला म्हणायचे हे प्रत्येकाचे वेगळे असते. ज्याला दाखला उद्या हवा त्याला तो तातडीचाच असतो. माझ्यापर्यंत कशासाठी यायचे हे फक्त सरांना सांगितले: बँकेची सही बदलेपर्यंत चेक, आणि जुन्या एखाद्या नोंदीचा अर्थ लागत नसेल तर. बाकी काही नाही.

तिसरा निरोप ई-मेलचा. तालुक्याहून आणि जिल्ह्याहून पत्रे शाळेच्या मेलवर येतात. शाळेचा मेल सरांच्या फोनवर सुरू करून दिला की तिथला प्रश्न मिटतो. पण काही लोक माझ्या वैयक्तिक मेलवर लिहीत, त्यांच्यासाठी जीमेलमधली आपोआप उत्तराची सोय वापरली. संगणकावर Settings, मग See all settings, General या भागात खाली Vacation responder आहे. First day आणि Last day भरायचे, विषय आणि मजकूर लिहायचा, आणि Save Changes दाबायला विसरायचे नाही. माझा मजकूर दोनच वाक्यांचा होता: «मी 27 जानेवारीपर्यंत रजेवर आहे व या मेलवरील पत्रे पाहत नाही. शाळेचे पत्र कृपया (शाळेचा मेल) येथे पुन्हा पाठवावे, प्रभारी मुख्याध्यापक ते पाहतात.» "पुन्हा पाठवावे" हे मुद्दाम. नाहीतर पाठवणाऱ्याला वाटते की मॅडम ते पुढे पाठवतील, आणि पत्र माझ्या मेलमध्ये पडून राहते. या सोयीची मर्यादाही माहीत असावी. एकाच माणसाने रोज मेल केला तरी त्याला उत्तर दर वेळी जात नाही, साधारण चार दिवसांनी पुन्हा जाते. तिथे Only send a response to people in my Contacts असा एक चौकोन असतो, त्यावर टिक केली तर अनोळखी मेलना आपल्या रजेची खबर जात नाही. मी ती केली. ऑफिसांचे मेल आधी कॉन्टॅक्टमध्ये घालून घेतले, नाहीतर त्यांनाच उत्तर गेले नसते.

आणि चौथा, दारावरचा. जुने विद्यार्थी आणि ऊसतोडीवरच्या आईसाठी. एका कार्डशीटवर मोठ्या अक्षरात सरांनी लिहिले: शाळेची वेळ, सरांचे नाव, दाखल्यासाठी कधी यावे, नव्या मुलाला शाळेत घालायचे असेल तर कागद असो वा नसो, मुलाला घेऊन सरळ आत यावे. ही शेवटची ओळ सरांचीच. मला सुचली नव्हती. कागद पाऊस-उन्हात टिकावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतल्या बाजूने खिडकीच्या काचेला लावला. फोन नंबर मात्र त्यावर लिहिला नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही तो दिसावा असे सरांना नको होते. त्याऐवजी मावशींचे घर कोणते ते लिहिले.

कधी पाठवायचा? मला वाटते दोनदा. एकदा रजेच्या आठ दिवस आधी, म्हणजे ज्याला आपल्याकडून काही हवे आहे तो आपण असतानाच मागून घेईल. आणि एकदा रजेच्या पहिल्या सकाळी, कारण आठ दिवसांत तो विसरलेला असतो. पुरवठा करणाऱ्यांना आणि बँकेला मी ग्रुपवर टाकून थांबले नाही, एकेकाला वेगळा पाठवला आणि सरांचा नंबर कॉन्टॅक्ट म्हणून जोडून दिला, म्हणजे बोटाने दाबला की सेव्ह होतो. निरोप पोहोचला की नाही हे निळ्या खुणेवरून कळत नाही. ड्रायव्हरचा पुढचा फोन कोणाला जातो, त्यावरून कळते. ऑक्टोबरात तांदूळ आला तो मला कळलाच नाही, महिनाअखेरीस सरांनी साठ्याचा आकडा पाठवला तेव्हा समजले. माझ्या फोनवर आधी दिवसाला पाच-सहा कॉल शाळेचे असत, नवा निरोप गेल्यावर आठवड्याला एक-दोन उरले. ते बहुतेक जुन्या विद्यार्थ्यांचे. त्यांचे काही जमले नाही.

सातवी-आठवीला शिकवणाऱ्यांनी हे वर्गात जरूर करून पाहावे. दिवाळीला आठ दिवस मामाच्या गावी जायचे आहे, दूधवाला, पेपरवाला, गोठ्यातली गाय, पेरूच्या बागेचे पाणी, यांच्यासाठी घरचा निरोप लिहा, असा स्वाध्याय द्या. मग वह्या अदलाबदल करून दुसऱ्याला दूधवाला व्हायला सांगा: तुला काय करायचे ते कळले का? "शेजारी सांगावे" असे लिहिणाऱ्याला वर्गच विचारतो, कोणते शेजारी? मुले एकमेकांच्या चुका आपल्यापेक्षा कडक काढतात. पालकांनीही एकदा घरी बसवून लिहून घ्यायला हरकत नाही.

एक काम मात्र मी शेवटी विसरलेच, ते सांगून थांबते. 28 जानेवारीला मी हजर झाले, सरांनी चार्ज परत दिला, साठा मोजला, सह्या झाल्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सर जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "मॅडम, गॅसवाल्याचा काल पण मलाच फोन आला होता." परत आल्याचा निरोप मी कोणालाच पाठवलेला नव्हता. त्याच दुपारी पाठवला:

«मी शाळेत हजर झाले आहे. आजपासून माल, बिले व दाखल्यासाठी पुन्हा माझ्याच नंबरवर फोन करावा. सरांचा नंबर शाळेच्या कामासाठी वापरू नये.»

खिडकीतला कागद काढायला गेले, तर सर म्हणाले, राहू द्या, शेवटची ओळ तेवढी कापून ठेवा. ती अजून तिथे आहे.